समोरच्या दुकानातलं औषध

ज्या वर्षी घरातल्या थोरल्या सुनेच्या मुलीचं लग्न ठरून मोडलं आणि तिच्यासाठी घेतलेली नवी भांडी कुणी वापरेना, कुणी परत करेना, अशी माळ्यावर पडून राहिली, त्या वर्षीची ही गोष्ट.

घर दुमजली होतं. खाली औषधाचं दुकान, वर राहायच्या खोल्या. दुकान थोरल्या भावाचं. त्याचा धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली खोकी उचलायचा, बिलं फाडायचा आणि दादा म्हणेल त्याला मान डोलवायचा. या धाकट्याची बायको, जिला सगळं घर धाकटीच म्हणायचं, वरच्या खिडकीपाशी शिलाई मशीन घेऊन बसायची. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, ब्लाउज उसवून सैल करायचे, चेन बदलायच्या. तिची सहा वर्षांची मुलगी बोलायला लागली की खाली दुकानात गिऱ्हाइकाला दादाचं ऐकू येत नसे, म्हणून तिचं नाव पडलं होतं भोपू.

औषधवाल्याच्या घरात असते तशी या घरात एक रीत होती. कुणाचा घसा धरला की थोरला खालून अँटिबायोटिक घेऊन वर यायचा. ताप उतरला की औषध बंद. उरलेली बाटली फ्रिजच्या दारात, ती पुढच्या आजाऱ्याला. चमचा तोच, बाटली तीच, फक्त तोंड बदलायचं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे थोरल्याच्या तोंडावर त्याला काही कळत नाही असं सांगण्यासारखं होतं.

धाकटीने ते एकदा केलं होतं. भोपूला सर्दी झाली, नाक गळत होतं, खोकला होता, घसा दुखत होता, आवाज बसला होता. थोरल्याने फ्रिजमधली बाटली पुढे केली. ती थोरल्याच्या मुलाच्या आजारपणात पावडरीत पाणी घालून बनवलेली, केव्हाची कुणाला आठवेना. धाकटीने बाटली घेतली नाही. मुलीला घेऊन ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, "खोकला, सर्दी, बसलेला आवाज, हा बहुतेक विषाणूचा घसा आहे. अँटिबायोटिक त्याला काही करत नाही. तापाचं औषध वजनाप्रमाणे द्या, पाणी भरपूर पाजा, आठवड्यात बरी होईल." आणि ती बरी झाली.

थोरल्याने ते मनात धरलं. तेव्हापासून जेवायला बसला की विचारायचा, "काय धाकटे, आज वरण खायचं की आधी डॉक्टरीणबाईंना विचारून यायचं?"

त्यानंतर दोन-तीन महिने गेले असतील. एका दुपारी भोपू शाळेतून आली आणि दप्तरासकट पलंगावर पडली. बोलली नाही. घरात एवढी शांतता झाली की सासूबाई बघायला आल्या. अंग भाजत होतं. पाण्याचा घोट घेतला की पोर डोळे घट्ट मिटायची, मान पुढे काढायची आणि तो घोट काटे गिळावेत तसा खाली ढकलायची. दुसरा घोट नकोच.

धाकटीने तिला खिडकीच्या उजेडात धरलं. "आ कर."

आतल्या दोन्ही गाठी लालभडक, सुजून एकमेकींकडे सरकलेल्या, आणि त्यांच्यावर पांढरे पुवाचे ठिपके. जबड्याखाली बोट लावलं तर तिथेही गाठ, आणि पोर कळवळली. नाक कोरडं. खोकला नाही.

थोरला वर आला. "घे, झालं ना पुन्हा. आता काय करतेस? पाणीच पाज. तुमच्या बाईंना अँटिबायोटिक चालत नाही."

"त्या वेळी नको होतं, भाऊजी. या वेळी वेगळं दिसतंय."

"तुला दिसतंय. वा." तो फ्रिजकडे वळला. "मी देतो, तू नुसता चमचा धर."

"बघितल्याशिवाय नको."

"हो म्हटलं तरी नाही, नाही म्हटलं तरी नाही," सासूबाई म्हणाल्या. "बाई, तुला हवंय तरी काय?"

धाकटी चपला शोधत होती.

डॉक्टरीणबाईंनी चमच्याने जीभ दाबून बघितलं, मानेच्या गाठी चाचपल्या, तोंड नीट उघडतं का, श्वासाला आवाज येतो का ते पाहिलं. मग काडीला लावलेल्या कापसाने दोन्ही गाठी पुसून घेतल्या. भोपूला ओकारीची उबळ आली आणि तिने बाईंच्या हातावर चापट मारली. "मार," बाई म्हणाल्या, "माझं काम झालं." तपासणीच्या पट्टीवर थोड्या वेळाने दुसरी रेघ उठली.

"हे जंतूंचं आहे. आता अँटिबायोटिक द्यायचं, आणि दहा दिवस पूर्ण. दोन-तीन दिवसांत ताप जाईल, पोर उड्या मारेल, तेव्हाच लोक बंद करतात. जंतू तोवर गेलेले नसतात. अर्धवट सोडलं तर उलटतं. आणि क्वचित याच घशातून पुढे सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा बिघडतात. ते टाळायलाच हे औषध."

"खायला काय देऊ? गिळत नाही ती."

"मऊ, गार किंवा कोमट. भात पातळ करून, केळं कुस्करून, दही, सूप. आंबट, तिखट, खरखरीत नको. आइस्क्रीम चालेल. नाही जेवली तरी एक-दोन दिवस बिघडत नाही, पण पाणी हवंच. घोट घोट, सारखं. लघवीला जाते की नाही त्यावर लक्ष ठेवा. आणि लाळ गिळता न येऊन तोंडातून गळायला लागली, तोंड उघडेना, श्वास घ्यायला त्रास झाला, तर माझ्याकडे थांबू नका, थेट मोठ्या दवाखान्यात."

चिठ्ठी घेऊन धाकटी थोरल्याच्याच काउंटरवर आली. त्याने ती वाचली आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "मी काय वेगळं देत होतो?" बाटली मात्र नवी दिली. एवढ्याने दहा दिवस भागणार नव्हते, दुसरी नंतर लागणार होती. तेही तो बोलला.

त्या संध्याकाळी धाकटीने भोपूला ताप उतरल्यावर उशांना टेकवून बसवलं आणि वाटीतून आइस्क्रीम भरवायला घेतलं. सासूबाई दारात उभ्या राहिल्या.

"घसा सुजलाय आणि बर्फ घालतेस?"

"बाईंनी सांगितलंय."

"उद्या त्या विहिरीत ढकल म्हणतील."

भोपूने चमचा चाटला, घोट गिळला, आणि ती त्या दिवसातलं पहिलं वाक्य कुजबुजली, "आजी, तुला नाही देणार." सासूबाई तोंड फिरवून हसल्या. ते धाकटीला दिसलं.

तिसऱ्या दिवशी ताप नव्हता. भोपू परत भोपू झाली, शाळेत गेली. चौथ्या दिवशी सकाळी धाकटीने फ्रिज उघडला तर बाटली जागेवर नव्हती.

"दुकानात ठेवली," थोरला दाढी करता करता म्हणाला. "ताप गेला, औषध बंद. लहान पोरीचं पोट किती बिघडवशील?"

"दहा दिवस द्यायचंय."

"तेवढी औषधं विकूनच माझं घर चालतं, धाकटे. मला शिकवू नकोस. मीच म्हणतोय पुरे, यात माझा काय फायदा?"

हे मात्र खरं होतं. तो कंजूष नव्हता, वाईट नव्हता. आयुष्यभर तो असंच करत आला होता, आणि घरातलं कुणी त्यापायी गेलं नव्हतं, असं त्याला वाटत होतं.

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "दादाला अनुभव आहे," तो पुटपुटला.

"आई जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की धापा टाकतात," धाकटी म्हणाली. "त्यांच्या हृदयाच्या झडपा कशाने गेल्या, हे कुणी कधी विचारलंय?"

सासूबाईंनी पदर सावरला.

"मला मध्ये ओढू नकोस. लहानपणी घसा दुखायचा, मग गुडघे सुजले, महिनाभर उठता येईना. कुणी औषध दिलं नाही. तरी मी सगळ्यांना वाढवलं, आणि अजून तुमच्या उरावर बसलेली आहे."

"आहात ना? तशी धापा टाकत मला हिला बसवायची नाहीये," धाकटी म्हणाली, आणि जिना उतरली.

दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, दुसरं औषधाचं दुकान होतं. दोन्ही दुकानांत बोलणं बंद. थोरल्याच्या घरातलं माणूस तिथे साधा बाम घ्यायलाही जात नसे, डोकं फुटलं तरी. धाकटी भर सकाळी, दूधवाला आणि शाळेची पोरं बघत असताना, रस्ता ओलांडून त्याच्या काउंटरवर जाऊन उभी राहिली.

समोरचा तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने तिच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. "तुमच्याकडे संपलं का?"

"तुमच्याकडे आहे का ते सांगा." तिने चिठ्ठी ठेवली.

"घरात काही वाजलंय वाटतं."

"माझ्या मुलीचा घसा वाजतोय. देता की पुढच्या दुकानात जाऊ?"

त्याने निमूट बाटली काढली. पाणी किती घालायचं, फ्रिजात ठेवायची, दर वेळी हलवून द्यायची, सगळं नीट सांगितलं. तिने शिलाईच्या पैशातून दाम दिले आणि बाटली पदराखाली न लपवता, उघडी हातात धरून परत आली. थोरला काउंटरमागे उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"गल्लीत माझं नाक कापलंस."

"माझी बाटली द्या, म्हणजे ही परत करते."

"नाही देणार."

"मग ही राहू दे."

त्या दिवशी ती जेवायला बसली तेव्हा कुणी तिच्याशी बोललं नाही. तिने पोटभर जेवून घेतलं. भोपूची बाटली ती फ्रिजमध्येच ठेवायची, पण दिवसातून दहादा फ्रिज उघडून ती आहे ना ते बघायची. दर वेळी ती बाटली हलवायची तेव्हा घरभर ऐकू जाईल इतकी जोरात हलवायची. सातव्या दिवशी तिने स्वयंपाकघरात पाहिलं, नवरा औषधाचं माप धुऊन, उलटं करून, फडक्यावर ठेवत होता.

"मोठे काका म्हणतात, मी बरी आहे," भोपू शेवटल्या दिवसांत कुरकुरली.

"आहेसच. तोंड उघड."

दहाव्या दिवशी रात्री शेवटचं माप गेलं. बाटलीत तळाशी थोडं उरलं होतं. धाकटीने ते थोरल्यादेखत फेकून दिलं, फ्रिजच्या दारात ठेवलं नाही. "पुढच्या वेळी पुढचं बघू," ती म्हणाली.

थोरला दोन महिने तिच्याशी बोलला नाही. मग धाकट्याने दुकानातली नोकरी सोडून दुसरीकडे धरली, आणि धाकटीने खालच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. माळ्यावरची नवी भांडी थोरल्या जावेने गुपचूप तिकडे पोचवली. भोपूला त्यानंतर घसा बऱ्याचदा दुखला. बहुतेक वेळा तो विषाणूचा होता आणि पाणी, तापाचं औषध यावर गेला. एकदाच पुन्हा अँटिबायोटिक लागलं, तेही पूर्ण घेतलं.

भोपू आठवीत होती त्या वर्षी, हिवाळ्यात, सासूबाई पहाटे वारल्या. झडपेनेच गेल्या, असं मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. थोरला त्यानंतर पाच वर्षांनी वारला, दुकानातच, दुपारी.