वाकड्या पावाला आलेलं उत्तर

"त्याने जे दाखवलंय ना, त्याच्यावरच बोल. तुला जे दिसलं, त्याच्यावर नको."

वहिनीने हे सांगितलं तेव्हा ती मान डोलावून हो म्हणाली होती. हो म्हणायला काय जातं. पाळायची वेळ येते तेव्हा माणूस कुठल्या तंद्रीत असेल, हे आधी कुणाला ठाऊक असतं?

ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. दंतवैद्य मापं पाठवायचे आणि त्यावरून ही मंडळी कॅपा नि कवळ्या बनवायची. पोर्सिलेनची ओली भुकटी बारीक कुंचल्याने थरावर थर चढवायची, भाजायची, घासायची. चौतिशी गाठेपर्यंत तिने इतके दात घडवले होते, की रस्त्यात कुणी हसलं तरी तिची नजर आधी दातांवर जायची आणि मग माणसावर. दादा म्हणायचा, "हिला नवरा बघायचा तर फोटो नको, एक्स-रे मागवा."

आणि नेमका तिच्या मनात भरला तो एक पाव भाजणारा.

झालं असं, की लॅबच्या इमारतीत प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग होता. आजूबाजूच्या दुकानांतली माणसंही आली होती. जोड्या लावल्या तेव्हा पलीकडच्या गल्लीतला बेकरीवाला तिच्या वाट्याला आला. मोडलेला हात झोळीत कसा बांधायचा, हे त्याने तिच्या धडधाकट हातावर इतक्या मायेने करून दाखवलं, की तिला हात खरंच मोडल्यासारखा वाटला. बोलणं बेताचंच झालं. हसला, तेही तोंडावर हात धरून. ती मनात म्हणाली, रीतभात आहे माणसाला. शेवटी सगळ्यांचा फोटो निघाला, ज्याने त्याने एकमेकांना इन्स्टावर फॉलो केलं आणि पांगापांग झाली.

मग ती रोज त्याच्या स्टोऱ्या बघू लागली. तो स्वतः कधी दिसायचा नाही, दिसायचे ते त्याचे पाव. तेही सुबक नाही, बिघडलेले. एका अंगाने फुगलेला, माथ्यावर उललेला, साच्यातून अर्धा बाहेर लोंबणारा. प्रत्येकाखाली एक ओळ. "हा आज कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नाही." "हा सासरहून परत आला." चोवीस तासांनी तो पाव गायब, दुसरा हजर.

तिला उत्तर लिहायचं होतं, पण काय लिहावं ते सुचत नव्हतं. शेवटी तिने फोन वहिनीपुढे धरला. वहिनी एका कंपनीच्या तक्रार विभागात होती. चिडलेल्या लोकांना दिवसभर दोन ओळींत शांत करणं हे तिचं कामच, त्यामुळे कुठल्या ओळीला उत्तर येतं आणि कुठलीला नाही, हे तिला अचूक कळायचं.

"नुसता बदाम पाठवू?"

"पाठव. तो परत बदाम पाठवेल. दोन बदाम झाले. पुढे?"

"मग 'खूप छान' लिहिते."

"त्यावर तो 'थँक्यू' म्हणेल आणि दार बंद. त्याला काहीतरी धरायला दे की."

"'तुमचे हात किती सुंदर आहेत', असं? एका फोटोत दिसले होते."

वहिनीने हातातली वाटी खाली ठेवली. "अगं, त्याने पाव दाखवला आणि तू हात बघितलेस. अनोळखी माणसाने तुझ्याबाबतीत असं केलं, तर तू ओढणी सारखी करशील की नाही? आणि त्याचे जुने फोटो उकरून त्यांच्यावर काही लिहू नकोस. रात्रभर त्याच्या अंगणात फिरत होतीस असं वाटेल त्याला. आजचं आहे, आजच्यावर बोल. त्याच्याच शब्दाला शब्द लाव. थोडी खोडी काढ, पण अशी, की त्याला नुसतं हसून सोडून द्यायचं असेल तर तेही करता आलं पाहिजे."

त्या दिवशीचा पाव एका कुशीवर कलंडलेला होता. खाली ओळ होती, "हा सकाळपासून रुसलाय."

स्टोरी पडल्या पडल्या तिने काही पाठवलं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबली आणि मग लिहिलं, "रुसलेल्यांची समजूत कोण काढतं तुमच्याकडे? जागा रिकामी असेल तर माझा अर्ज धरा."

पाठवलं आणि फोन उलटा ठेवून दाढेवर कुंचला फिरवत बसली. दाढ बिघडली.

संध्याकाळी उत्तर आलं. "जागा रिकामीच आहे. अनुभव?"

"दोन भाचे आणि एक भाऊ. भाऊ जास्त रुसतो."

"मग तुमची निवड झाली."

तिथून गाडी रुळावर आली. प्रत्येक स्टोरीला उत्तर द्यायचं नाही, हेही वहिनीने बजावलं होतं. दोन सोडून तिसरीला ती लिहायची. कधी तोच तिच्या स्टोरीवर यायचा. तिने खिडकीतल्या मरगळलेल्या रोपाचा फोटो टाकला, तर म्हणाला, "याला माझ्या पावांकडे पाठवा, घोळक्यात रमेल." तो लांबलचक लिहायचा तेव्हा तीही पसरायची आणि तो हात आखडता घ्यायचा तेव्हा तीही आवरायची. हळूहळू दिवसाला एक चव आली. देवाचं नाव घेऊन ती कामाला बसायची, पण ते नाव घेताना ओठ आपसूक हसायचे. देवाला ते चालत असावं.

मग एका दुपारी त्याने पहिल्यांदा स्वतःचा फोटो टाकला. भट्टीशेजारी उभा, भुवयांवर पीठ आणि तोंड भरून हसू. खाली ओळ, "उद्या सुट्टी."

ती कामाच्या टेबलाशी होती. एका आजींच्या कवळीत सुळा बसवत होती. सगळे दात ओळीत कवायतीसारखे उभे केले की कवळी खोटी दिसते, म्हणून एखादा दात किंचित वळवावा लागतो. तो नेमका किती वळवायचा, यात सगळी कारागिरी. आणि इथे समोर, त्या हसण्यात, वरचा एक सुळा अगदी तसाच वळलेला होता. देवाने हाताने बसवल्यासारखा. तिला भरून आलं. वहिनीला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही.

"तुमचा वरचा सुळा किंचित आत वळलाय. फार गोड दिसतो. असा दात मुद्दाम घडवायला आम्हाला घाम फुटतो."

तिच्या लेखी याहून मोठी दाद नव्हती. वाकडे पाव मिरवणारा माणूस, त्याला हे कळणार नाही तर कुणाला कळेल?

मेसेजखाली 'सीन' उमटलं. उत्तर आलं नाही. संध्याकाळी ती पुन्हा त्या चॅटमध्ये गेली तर तिच्या ओळीच्या वर फोटोच नव्हता. स्टोरी आता उपलब्ध नाही, एवढंच. दिवस सरायच्या आत त्याने तो काढून टाकला होता.

वहिनीने मेसेज वाचला आणि डोळे मिटून घेतले.

"मी कौतुक केलं गं," ती म्हणाली.

"केलंस. पण त्याने सुट्टी दाखवली होती."

"पावांचं वाकडेपण तर तो स्वतःच..."

"पाव त्याने निवडून दाखवले. तो दात त्याने दाखवला नव्हता, तो हसताना दिसला. फरक आहे, बाई."

तिने समजावणारा लांबलचक मेसेज लिहून ठेवला होता. कवळ्या, कारागिरी, सगळं. वहिनीने तो पुसायला लावला. "माफी मागताना आपण किती बरोबर होतो, हे सांगायचं नसतं. एकदाच लिही, थोडक्यात. आणि उत्तराचं ओझं त्याच्यावर टाकू नकोस. त्यानंतर तो स्वतः बोलेपर्यंत गप्प. पावांना पण उत्तर नाही."

तिने लिहिलं, "फोटोत तुम्ही सुट्टी दाखवली होती आणि मी दात बघत बसले. असं तुमच्या चेहऱ्यावर बोलायला नको होतं. चुकले. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल."

मग गप्प बसणं आलं. उपास तिला सवयीचे होते, पण हा फार जड गेला. पाव येत राहिले. एक तर इतका विचित्र फुगला होता, की तिच्या बोटांना खाज सुटली. तिने तो बघितला आणि पुढे सरकवला. बघणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव त्याला दिसत असेल, एवढाच आधार. दादाने एकदा विचारलं, "काय गं, पाववाला शिळा झाला का?" तेव्हा वहिनीने त्याला आत पाठवलं, भांडी आवरायला.

मेसेज आला तो सकाळी, ती बसच्या रांगेत असताना.

"शाळेत मला त्या दातावरून चिडवायचे. तेव्हापासून हसताना तोंडावर हात जातो. त्या दिवशी विसरलो. तुमचा मेसेज बघून वाटलं, झालं परत सुरू."

प्रथमोपचाराच्या वर्गातला तो तोंडावरचा हात तिला आठवला. तो अजून लिहीत होता. तीन ठिपके हलत होते.

"मग परत वाचला. मुद्दाम असा दात कशाला घडवतात?"

तिच्याकडे सांगण्यासारखं पोतंभर होतं. तिने ते बांधून बाजूला ठेवलं. "सांगू? की पावांवर बोलूया?"

"सांगा."

"सगळे सरळ लावले की खोटे वाटतात. एखादा वळवला की माणूस जिवंत दिसतो. बस्स, एवढंच."

बस आली, ती चढली, कोपऱ्यात उभी राहिली.

"पाव बिघडला तर मी जगाला दाखवतो. याचं मात्र जमत नाही अजून."

"मग नका दाखवू," तिने लिहिलं. "पाव पुरे आहेत आम्हाला."

या वेळी ठिपके दिसले, विझले, पुन्हा दिसले. "शनिवारी दुपारी भट्टी बंद असते. मागच्या ओट्यावर मी चहा करतो. याल? अट एकच. दाताकडे बघायचं नाही."

"वचन."

"पेशाची सवय आहे तुमची. जमेल?"

"कठीण आहे. मग डोळ्यांकडे बघेन."

पाठवल्यावर तिचे कान तापले. हेही चेहऱ्यावरच बोलणं झालं की. पण वाट या वेळी त्याने काढून दिली होती, आणि नको असेल तर हसून टाळण्याइतकी जागाही होती.

"ते चालेल," तो म्हणाला.

शनिवारी दुपारी तिने हात कोपरापर्यंत धुतले, नखांतली पांढरी भुकटी काढली. वहिनीने दारातून विचारलं, "काही सांगू का?"

"नको गं."

"बरं," वहिनी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बेकरी चालत जाण्याच्या अंतरावर होती. कोपऱ्यावरच्या बाकावर एक म्हातारबाबा नातीशी हसत बसले होते. तिची नजर सवयीने खाली त्यांच्या कवळीकडे घसरली. तिने नजर हलकेच उचलली, बाबांच्या डोळ्यांवर ठेवली, आणि तशीच सांभाळत गल्लीत वळली.