उतरलेल्या चेहऱ्याचा व्हिडिओ

सलूनवाल्याला काही उमजेना. मेहुण्याने सलूनच्या जाहिरातीसाठी काढलेल्या 'आधी आणि नंतर' व्हिडिओच्या सुरुवातीलाच गिऱ्हाइकाला पोक काढून, तोंड पाडून बसवलं होतं आणि आरशावरचा दिवाही बंद ठेवला होता. आता केस कापून झाल्यावर तो दिवा लावत म्हणाला, "काका, ताठ बसा आणि छान हसा!"

"अरे, मी केस कापले. हे हसू आणि हा उजेड माझ्या कात्रीतून आला का?" सलूनवाल्याने विचारलं.

"दाजी, सगळे असंच करतात."

सगळे करतात म्हणजे बरोबर असेल का? सलूनवाला डोकं खाजवत राहिला. कापलेले केस परत चिकटवून आधीचा भाग पुन्हा काढणं तर शक्य नव्हतं. शेवटी त्याने दिवा बंद केला. "काका, मघासारखंच बसा."

"म्हणजे पुन्हा तोंड पाडू?" काका गोंधळले, पण तसेच बसले. बाजू बारीक झाल्या होत्या, मानेवरचं रान साफ झालं होतं, बाकी माणूस तोच होता. व्हिडिओखाली मेहुण्याने नाखुशीने लिहिलं, 'एक हेअरकट, पाऊण तास. आज चार आणि साडेपाचची वेळ मोकळी.'

तासाभरात फोन आला. "त्या काकांना कट आवडला नाही का हो? चेहरा उतरलाय."

सलूनवाल्याला हसावं की रडावं कळेना. "आवडलाय. आम्हीच त्यांना हसू दिलं नाही."

पलीकडचा म्हणाला, "बरं, मला साडेपाचची वेळ द्या. हसलो तर चालेल ना?"