रियाचं इकडे

रिया चार वर्षांची झाली तरी तिचं ‘इकडे’ जागचं हलत नव्हतं. इकडे म्हणजे गॅसचा ओटा. समृद्धी सतत ओट्याशी उभी असायची आणि तिथूनच "रिया, इकडे ये" अशी हाक मारायची, म्हणून पोरीने त्या जागेचं नावच इकडे ठेवलं होतं. हॉलमधून बोलावलं तरी ती आईच्या अंगावरून पुढे जायची आणि ओट्यापाशी जाऊन उभी राहायची. स्वतःला तहान लागली की म्हणायची, "तुला पाणी पाहिजे."

करंजाड्याच्या त्या घरात याचं कौतुकच झालं असतं. पण एका सकाळी सोसायटीसमोरचा रस्ता ओलांडल्यावर तिचा हात सुटला. न्हावा शेवा बंदराकडचा ट्रेलर येत होता. समृद्धी फुटपाथवरून ओरडली, इकडे ये. रिया ऐकून वळली, पण घराच्या दिशेने, परत रस्त्यात. ट्रेलर करकचून थांबला. समृद्धी रडली नाही. पोरीला उचललं, वर आली, कुकर लावला. नवरा, कल्पेश, गेल्यापासून तिचं असंच होतं, कोणी भूल दिलेली आणि ती उतरलीच नाही असं.

जुन्या पनवेलमध्ये भाविका नावाची एक स्पीच थेरपिस्ट होती. तिने दारात उभं राहून रियाला "इकडे ये" म्हटलं, तेव्हा रिया चौफेर बघत हात धुवायच्या बेसिनपाशी जाऊन थांबली. त्या खोलीत ओट्यासारखं तेवढंच होतं.

भाविका हसली नाही. ती म्हणाली, "सारखं तिलाच हाक मारून नाही कळणार. तिला तुमची एकच बाजू ऐकू येते. तुम्ही इकडे म्हणता तेव्हा तुमची जागा, ती म्हणेल तेव्हा तिची, हे मुलांना दुसऱ्यांचं बोलणं ऐकून उमगतं. दोन माणसं एकमेकांना बोलावतात, उठून जातात, आणि ती बाजूला बसून बघते. घरी कोण असतं?"

"सासूबाई."

"मग झालं की. दिवसभर बोलत असालच दोघी."

समृद्धी रियाला चपला घालू लागली.

सासू ठमाबाई आणि ती, दोघींमध्ये वर्षभर शब्द नव्हता. कल्पेश बंदरात ट्रेलर चालवायचा. त्या संध्याकाळी रियाला ताप होता म्हणून समृद्धीने फोन केला होता, लवकर ये. तो म्हणाला होता, आलोच. तो आला नाही. तेराव्याला ठमाबाई भिंतीकडे बघत बोलली, "तू बोलावलास म्हणून निघाला तो." तेव्हापासून जे काही असेल ते रियाच्या मार्फत. रिये, तुझ्या आईला सांग, दूध आलंय. रिया, आजीला सांग, गोळी घ्या.

त्या दुपारीही समृद्धीने तसंच केलं. पोरीला मध्ये बसवून भाविकाचं म्हणणं तिला सांगितलं, आजीला सांग म्हणून. रियाने त्यातला शेवटचा शब्द तेवढा परत म्हटला. खिडकीशी कोलंबी सोलत बसलेल्या ठमाबाईने हातातली कोलंबी ताटलीत टाकली.

मग म्हणाली, "समृद्धे, इकडे ये."

समृद्धी उठून खिडकीशी गेली. ‘आले’ म्हणायचं होतं, ते राहिलं. थोड्या वेळाने ती ओट्याशी गेली आणि तिथून म्हणाली, "आई, इकडे या." गुडघे धरत ठमाबाई गेली. रिया एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.

पुढे रोज तेच. दोघी एकमेकींना बोलवायच्या, जायच्या, आणि गेल्यावर काम काहीच नसायचं. जवळजवळ उभ्या राहायच्या, मग आपापल्या जागी. इतर बोलणं अजून रियाच्याच मार्फत. एकदा ठमाबाईने बोलावून कोलंबीचा वास बघायला सांगितला. एकदा पाठीला बाम लावायला. समृद्धीने लावला. तिला काही वाटलं नाही, फक्त म्हातारीच्या पाठीचे मणके हाताला लागले.

पंधरवडा असाच गेला. एका सकाळी समृद्धी चपात्या लाटत होती. रिया गॅलरीत, वाळत घातलेल्या साड्यांच्या आड होती. तिथून आवाज आला.

"इकडे ये."

ओट्यापासून लांब. समृद्धीचा लाटता हात थांबला. ठमाबाईनेही ऐकलं होतं; ती पाटावरून अर्धी उठली आणि परत बसली.

"जा," ती म्हणाली. रियाला नाही, भिंतीला नाही. "तुला बोलवते हाय ती. तव्यावरचं मी बघते."

समृद्धीने पिठाचे हात पदराला पुसले. अजून ती ओट्याशीच उभी होती, गॅलरी चार पावलं लांब, पण तोंडातून शब्द आला तो तिथे पोचल्यासारखा.

"आले."

तिला स्वतःलाच तो ऐकू आला. साडीच्या खाली रियाचे पाय दिसत होते, एकावर एक ठेवलेले, वाट बघत. मागे ठमाबाईने उठून चपाती उलटली.