रोजचं एक पोतं

आबासाहेबांचा संशय हा त्यांच्या पागोट्यासारखा होता. झोपतानाच काय तो उतरायचा. बारामतीत त्यांचं पेंडीचं दुकान. कालव्याखालच्या उसाला खत म्हणून पेंड लागायची, तेव्हा धंदा बरा चालायचा. त्या दुकानात मुलगा संभाजी बसे. इंदापुरात दुसरं दुकान होतं, ते विधवा बहिणीचा, बनाबाईचा मुलगा कुंडलिक एकटाच बघे.

मार्च सरला आणि आबासाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बारामतीला फेब्रुवारीत एकशे अडुसष्ट पोती खपली होती, मार्चात एकशे एकोणसत्तर. एक का होईना, पोतं वाढलं. इंदापूर मात्र एकशेवीसवरून एकशे पाचावर घसरलं. माल शिल्लक बरोबर होता, म्हणजे पोती चोरीला गेली नव्हती. मग गिऱ्हाईक जातं कुठं? भाचा समोरच्या दुसऱ्या व्यापाऱ्याच्या पेढीवर गिऱ्हाईक धाडून दलाली खातोय, असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि एकदा मनानं घेतलं की ब्रह्मदेवाचं ऐकायचे नाहीत.

महिने लहानमोठे असतात हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. दोन्ही दुकानांना दर सोमवारी सुट्टी. फेब्रुवारीत कामाचे दिवस चोवीस, म्हणजे इंदापूरची रोजची पाच पोती. मार्चात चार सोमवार आणि धुळवड सोडून दिवस सव्वीस, म्हणजे रोजची जेमतेम चार. दिवस वाढले आणि खप घटला! रोज एक पोतं समोरच्या पेढीच्या घशात जातंय, दुसरं काय? त्यांनी पिशवीत नवं कुलूप टाकलं आणि इंदापूरची मोटार धरली. कुंडलिकला काढायचं आणि संभाजीच्या मेहुण्याला बसवायचं, हे मनात पक्कं होतं.

दुकानात कुंडलिक पोती रचत होता. मामांना बघून तो धावत आला, पाया पडला. आबासाहेबांना त्या नमस्कारातही काळंबेरं दिसलं.

"कुंडलिका, रोजची किती पोती जात्यात?"

"पाच तर जात्यातच, मामा. कवा सहाबी."

"व्हय? आन मंग मार्चात चारच कशी रं?"

कुंडलिक गोंधळला. तेवढ्यात पळसदेवचा गेणबा गाडी घेऊन दारात आला आणि आबासाहेबांना बघून म्हणाला, "बरं झालं भेटलासा, आबा. शिमग्याच्या आधी दोन येळा आलो पेंडीला. दुकानाला हे मोठं कुलूप! शेवटाला समोरनं घेतली."

"कुलूप!" आबासाहेब ओरडलेच. चोर सापडल्याचा त्यांना कोण आनंद झाला. "ऐन दिसा दुकान बंद? कुठं उलथला व्हतास रं?"

 कुंडलिकच्या आधी मागच्या खोलीतून बनाबाईच बाहेर आली.

"दादा, आपल्या रतनच्या लग्नात बुंदी कुणी पाडली? मांडव कुणी घातला? सोमवारी तूच गाडी धाडून न्हेलास त्याला, त्यो फुडच्या सोमवारी परत आला. म्हनलास, बारामतीचं दुकान बंद ऱ्हाऊन चालायचं न्हाय, इंदापूरचं ऱ्हाईलं तर ऱ्हाऊ दे."

 लेकीच्या लग्नातले लाडू आबासाहेबांना आठवत होते. ते वळणारा कुठून आला होता, हे ते विसरले होते. मधले सहा दिवस इंदापूरला टाळं होतं, आणि ते त्यांनीच लावायला लावलं होतं. सव्वीसातून सहा गेले, उरले वीस. वीस दिवसांत एकशे पाच.

"सव्वापाच," ते पुटपुटले. घटलं तर नव्हतंच, उलट पाव पोतं वाढलं होतं. त्यांना भाच्याच्या डोळ्याला डोळा देववेना.

"आता त्याच मापानं बारामतीचं मोज की," बनाबाई म्हणाली.

ते त्यांनी केलंच नव्हतं. पोराच्या दुकानाचं एक पोतं वाढलेलं दिसलं आणि तिथंच जीव निवला होता. आता मात्र मोजावं लागलं. फेब्रुवारीत चोवीस दिवसांत एकशे अडुसष्ट, म्हणजे रोजची सात. मार्चात लग्नाच्या दिवशीसुद्धा दुकान उघडं; सव्वीस दिवसांत एकशे एकोणसत्तर, म्हणजे साडेसहा. बारामतीचंच रोज अर्धं पोतं कमी झालं होतं. 

"येतो मी," म्हणून ते घाईनं उठले, तशी पिशवी कलंडली आणि कुलूप खणकन् फरशीवर पडलं. कुंडलिकनं ते उचललं. नवंकोरं, किल्ली सुतळीनं बांधलेली. त्याला काय समजायचं ते समजलं असावं.

"ह्ये कुणाच्या दुकानाला, मामा?"

"बारामतीच्या," आबासाहेबांनी शरमेनं थाप मारली.

परतीच्या मोटारीत ते कुलूप मांडीवर घेऊन बसले होते. गाव जवळ येऊ लागलं, तशी ती थाप काही त्यांना थाप वाटेना.