पट्टेरी कर्दळ

आमच्या नर्सरीची ऑनलाइन विक्री अशी चालते: मजकूर मी लिहिते, फोटो आणि भाव आमचे हे बघतात, आणि झाडं मामंजी, म्हणजे माझे सासरे, करतात. मामंजींची केशरी कर्दळ, पाकळीला पिवळी कड, दुसऱ्या कुणाकडे नव्हती. त्या एका रंगासाठी उभी हयात घातली त्यांनी.

माझं लिहिणं सरळ. कंद माती धुऊन पाठवतो. कडक थंडीत पाठवत नाही, आणि बाहेरच्या कंदांना जिथे बंदी आहे तिथे मुळीच नाही. बी टणक असतं, कानशीने जरा घासून रात्रभर भिजवा. बियांचं झाड आईसारखंच निघेल असं नाही. उन्हाप्रमाणे रंग थोडा फिका-गडद होतो. आहे ते आहे, बाबा!

मग ह्यांनी कुठूनतरी स्वस्तात कंद आणून लावले. पानं आली ती शिरांच्या कडेने पिवळट पट्टे घेऊनच. मी लगेच ह्यांना गाठलं.

"अहो, हा रोग दिसतोय. वेगळे ठेवा, तपासून घेऊ."

"रोग कसला? जातच पट्टेरी आहे. तुला मेलं सगळं काळंच दिसतं."

मी चार दिवस माहेरी काय गेले, ह्यांनी स्वतःच जाहिरात टाकली. 'दुर्मिळ पट्टेरी कर्दळ. पट्टे प्रत्येक झाडावर वेगळे, हा नैसर्गिक फरक समजावा.' ग्राहकाला फसवू नये म्हणून मी जे लिहायचे, तेच ह्यांनी फसवायला वापरलं. संताप संताप झाला माझा. पण तोवर माल धडाधड खपला होता.

पुढच्या हंगामात एका बागेच्या माळ्याने फोटो पाठवले. 'ताई, हा फरक नाही, विषाणू आहे. माझा अख्खा ताटवा गेला. तुमचाही बघा.'

मी तशीच मागच्या अंगणात धावले. मामंजी स्टुलावर बसून कंद फोडत होते. आधी पट्टेरी, मग आपली केशरी, सुरी तीच, न धुता.

"तुमची नवी जात चांगली खपते गं," ते हसून म्हणाले.

त्यांच्या वाफ्यात कोवळी पानं पट्ट्यांनी भरलेली होती. मी माळ्याचे फोटो दाखवले. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"काही फवारता येईल ना?" ह्यांनी दारातूनच विचारलं.

"ह्याला औषध नसतं. उपटा सगळं," मामंजी म्हणाले.

उपटलं, जाळलं. घेणाऱ्या प्रत्येकाला मी कळवलं, झाडं जाळा, पैसे परत घ्या. हे दिवसभर खणत राहिले, तोंड वर करायची हिंमत नव्हती.

"मामंजी, बी आहे ना आपल्याकडे," मी म्हटलं.

"त्यातून कर्दळ येईल, पोरी. ही नाही येणार."

संध्याकाळी मी केशरीची जाहिरात उघडली. "साठा संपला असं लिहू?"

मामंजींनी केशरीच्या फोटोवरून बोट फिरवलं.

"संपला लिहिलंस तर लोक वाट बघत बसतील. काढून टाक."