सही केलेला कोरा फॉर्म

'दहावीनंतर काय?' असं मुख्याध्यापक भूपेंद्र सरांनी फळ्यावर ठळक लिहिलं होतं आणि खाली माझं नाव, चंद्रकांत सर. जूनमध्ये शाळा उघडली की हा कार्यक्रम अकरा वर्षं मीच करत आलोय. मी गणित शिकवतो, आणि गुजरातेत, डिंडोलीच्या आमच्या मराठी शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाला जगातलं सगळं कळतं असा पालकांचा समज आहे. हा समज मोडायचा मी कधी प्रयत्न केला नाही. खोटं कशाला बोलू, तो मला आवडायचा.

पुढे यंदाची दहावी बसली होती. मागच्या बाकांवर नुकती पास झालेली मुलं आपापल्या आईबापांबरोबर दाखला न्यायला आली होती. आमच्याकडचे निम्मे पालक मे महिनाभर गावी असतात. मिलांना कामगार कमी पडला तरी चालेल, पण अमळनेर-पारोळ्याकडचं लग्न चुकता कामा नये. त्यामुळे दाखल्याची गर्दी दरवर्षी अशीच, निकालानंतर महिनाभराने होते.

तिसऱ्या बाकावर हर्षदा होती. शेजारी तिचा बाप मगन, अंगावर लग्नातला नवा शर्ट, मांडीवर पेढ्यांचा खोका. पोरीला गणितात चौऱ्याण्णव पडले होते. पेढे माझ्यासाठी होते हे मला दारातूनच कळलं, आणि मी नजर फिरवली.

बोलायला सुरुवात केली. यंदा ठरवूनच आलो होतो, की काहीही लपवायचं नाही.

"सायन्स हुशारांचं, कॉमर्स मधल्यांचं आणि आर्ट्स उरलेल्यांचं, हे खूळ आधी डोक्यातून काढा," मी म्हणालो. "सायन्समध्ये ए ग्रुप म्हणजे गणित, बी ग्रुप म्हणजे जीवशास्त्र. दोन्ही घेतलं तर एबी. इंजिनिअर व्हायचं, गणितात बी.एस्सी. करायचं, तर बारावीला गणित लागतं. डॉक्टर व्हायचं तर जीवशास्त्र आणि वर नीटची परीक्षा. ती देणारे लाखो असतात, सरकारी जागा फार थोड्या. सायन्स घेतलं की डॉक्टर झालोच, असं सांगणारा क्लासवाला असतो, शिक्षक नसतो."

मुलं हसली. मगनही हसला.

"आणखी एक. आपल्या भागात मराठी माध्यमात अकरावी सायन्स मिळणं अवघड. गुजरातीत किंवा इंग्रजीत शिकावं लागेल. पहिले सहा महिने रडू येईल. रडायचं आणि शिकायचं. कॉमर्सला नामं म्हणजे हिशेबलेखन आहे, आकडाशास्त्र म्हणजे आपलं संख्याशास्त्र आहे, अर्थशास्त्र आहे. सी.ए.ची दारं बारावीनंतर उघडतात, पण त्या परीक्षेत नापास होणारे पास होणाऱ्यांपेक्षा खूप जास्त, हेही ऐकून ठेवा. आर्ट्सवाला स्पर्धा परीक्षेला बसतो, शिक्षक होतो, वकील होतो. ज्याला हाताने काम आवडतं त्याने आय.टी.आय. बघावं, डिप्लोमा बघावा. डिप्लोमा चांगला झाला तर पुढे डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. यातलं काहीच हलकं नाही आणि काहीच सोपं नाही."

इथवर सगळं छान चाललं होतं. हे मी झोपेतही बोलू शकतो. पण कागदावर पुढचा मुद्दा होता आणि तो माझ्याच अक्षरात होता: बेसिक आणि स्टँडर्ड.

हे काय प्रकरण आहे ते सांगतो. आमच्या बोर्डात दहावीच्या गणिताचं पुस्तक एकच, पेपर मात्र दोन. बेसिक सोपा, स्टँडर्ड कठीण. कुठला द्यायचा ते बोर्डाचा फॉर्म भरतानाच सांगावं लागतं. बेसिक घेतलेल्याला पुढे सायन्सचा बी ग्रुप मिळतो, कॉमर्स-आर्ट्स तर मिळतंच. ए ग्रुप मात्र मिळत नाही.

हर्षदाच्या बॅचच्या आधल्या वर्षी आमचा निकाल एकेचाळीस टक्के लागला होता. भूपेंद्र सरांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. "या वर्षी सरसकट बेसिक," ते म्हणाले. मी म्हणालो, "दोन-तीन मुलं चांगली आहेत." ते म्हणाले, "दोन-तीनसाठी शाळा बुडवायची का?" मी मान डोलावली. त्रेचाळीस फॉर्म होते. आमच्याकडे फॉर्म घरी जातो तो कोरा, आणि परत येतो तो नुसता सही होऊन. रकाने सरांनी भरायचे, ही इथली रीत. बारा तास लूमवर उभा राहिलेला माणूस रकाने वाचत बसत नाही. तो सरांवर विश्वास ठेवून सही करतो आणि झोपतो. त्रेचाळीस सह्यांच्या वर मी त्रेचाळीस वेळा बेसिक भरलं.

हर्षदाच्या फॉर्मवर माझा हात थांबला होता. नाही असं नाही. नववीत असताना तिने फळ्यावरचं माझं गणित चुकलंय हे उभं राहून सांगितलं होतं, आणि खडू मागून घेऊन दुरुस्तही केलं होतं. त्या दिवशी म्हणाली होती, "सर, मी तुमच्यासारखी गणिताची टीचर होणार." वर्गातली पोरं तिला चिडवायची, 'चंद्रकांत मॅडम'. ती चिडायची नाही, खूश व्हायची. तरी मी तिच्याही फॉर्ममध्ये बेसिक भरलं आणि तो बाकीच्यांत सरकवला.

हॉल तिकीट आलं तेव्हा ती धावत आली. "सर, बेसिक छापलंय." मी म्हणालो, "काही फरक पडत नाही गं. उलट मार्क जास्त पडतील." तिने लगेच मान डोलावली. तिने कधी माझं कुठलंच वाक्य तपासून पाहिलं नाही, फळ्यावरचं गणित सोडून.

तरी अजून एक वाट होती. बेसिक घेऊन पास झालेल्याला पूरक परीक्षेत स्टँडर्डचा पेपर देता येतो. फॉर्म शाळेनेच भरायचा असतो. निकालानंतर थोडे दिवस मिळतात, आमच्या हातात अठरा मेपर्यंत होते. मी पालकांच्या ग्रुपवर टाकायला मेसेज लिहिला. 'ज्यांना ए ग्रुप घ्यायचा आहे त्यांनी...' इथपर्यंत लिहिलं आणि वाटलं, आता सगळे विचारणार, मुळात बेसिक भरलं कोणी? निकाल अठ्ठ्याऐंशी टक्के लागला होता. भूपेंद्र सरांना ट्रस्टींनी शाल दिली होती, मला गुलाबाचं फूल. मी मेसेज पुसला. स्वतःला सांगितलं, सगळे गावी आहेत, कोण वाचणार.

तर आता मुद्दा समोर होता. मी तो वाचला. यंदाच्या मुलांना सांगितलं की ए ग्रुपचा विचारसुद्धा मनात असेल तर स्टँडर्डच घ्या, फॉर्म स्वतः भरा, आणि मगच आईबापांची सही घ्या.

तिसऱ्या बाकावर हर्षदा उभी राहिली.

"सर, माझं बेसिक आहे. मला ए ग्रुप मिळेल ना? चौऱ्याण्णव आहेत."

"नाही मिळणार," मी म्हणालो. "मार्कांवर नाही ते. शंभर पडले असते तरी नाही."

"काहीच रस्ता नाही?"

"होता. पूरक परीक्षेत स्टँडर्डचा पेपर. फॉर्म अठरा मेपर्यंत होते."

ती बोटांवर काहीतरी मोजत होती. "अठराला तर काकाची हळद होती," ती हळूच म्हणाली.

मगन ताडकन उठला. पेढ्यांचा खोका सांभाळत, घाबरलेल्या आवाजात म्हणाला, "सर, आम्हीच चुकनूत. गावले लगीन व्हतं. पोर म्हने, लवकर परत जाऊ. मीच नही म्हनू. माले काय माहीत!" मग पोरीकडे वळून, "माफ कर बेटा."

ते मला ऐकवलं नाही. माणसाने माझ्या पापाची माफी स्वतःच्या पोरीकडे मागावी, तीही भरल्या वर्गात!

"मगनभाऊ, तुम्ही नाही चुकलात," मी म्हणालो. "बेसिक मी भरलं. तिला न विचारता. अठरा मेचं मला माहीत होतं. मेसेज लिहिला होता मी. पाठवला नाही. तुम्ही विचाराल म्हणून घाबरलो."

दारात उभे असलेले भूपेंद्र सर निघून गेले. हर्षदा माझ्याकडे बघत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. नववीत माझं गणित चुकलं तेव्हा तिचा जसा चेहरा झाला होता, तसा झाला. फक्त या वेळी तिने खडू मागितला नाही.

"पुढच्या वर्षी देता येईल का, ते मी बोर्डाला लेखी विचारतो," मी म्हणालो. "खात्री नसताना हो म्हणणार नाही. पण एक वर्ष..."

"वर्ष नाही मिळणार सर," ती म्हणाली. "घरी बसले तर पुढच्या मेमध्ये माझी हळद असेल."

मगन खाली बघत होता. नाही म्हणाला नाही.

कार्यक्रम संपला. मुलं पांगली. मगन पोरीला घेऊन माझ्या टेबलाजवळ आला. मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल. मी दोन-चार शिव्यांची वाटच बघत होतो. त्याने पेढ्यांचा खोका टेबलावर ठेवला. मग खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला, जपून उलगडला आणि माझ्यापुढे सरकवला. उधन्याच्या शाळेचा अकरावीचा प्रवेश अर्ज होता. सगळे रकाने कोरे. खाली वेड्यावाकड्या अक्षरात त्याची सही.

"जे झालं ते झालं सर," तो म्हणाला. "आते तुम्हीच भरा. आम्हले काय समजस? तुम्ही भरशात ते बराबर."

मी खिशातलं पेन काढलं नाही. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही. मगन गोंधळून माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागला.

हर्षदाने टेबलावरून अर्ज उचलला. माझ्याच खिशातलं पेन मागितलंही नाही, दप्तरातून स्वतःचं काढलं. उभ्या उभ्या, वहीवर टेकवून एकेक रकाना वाचत भरला. प्रवाहाच्या रकान्यापाशी ती थांबली.

"बी ग्रुप मिळेल तुला," मी म्हणालो. "किंवा कॉमर्स. आकडाशास्त्रात तू..."

"माहीत आहे सर. आत्ताच तुम्ही सांगितलं," ती म्हणाली, आणि 'वाणिज्य' असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच, सरळ, एका ओळीत.

मग तिने अर्ज बापाच्या हातात दिला. "वाचा," म्हणाली.

"मी काय वाचू, सही तं करेल शे," मगन म्हणाला.

"तरी वाचा पप्पा."

तो एकेक अक्षर बोटाने लावत वाचायला लागला आणि ती त्याच्याशेजारी उभी राहिली. माझ्याकडे तिने पुन्हा पाहिलं नाही. मी तिथेच बसून राहिलो. मगनला ते सगळं वाचायला खूप वेळ लागला.