दुसरा वाद

सगळा पोहण्याचा क्लब तिला धाकटी म्हणायचा. पंचेचाळिशी उलटली, चष्मा लागला, मुलं कॉलेजात गेली, तरी धाकटीच. कारण तिचा थोरला भाऊ अजून क्लबात होता. थोरल्याला सगळे पाणघोडा म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडायचं. जमिनीवर तो जिना चढताना मधल्या पायरीवर उगाच बुटाची नाडी बांधायला थांबे. पाण्यात मात्र त्याचं वजन जणू दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर चढायचं. अर्ध्या क्लबाला त्यानेच पोहायला शिकवलं होतं, आणि धाकटीला तर तिचे दुधाचे दात पडायच्या आधी.

त्या वर्षी माणसं वर ओढण्यापुरता त्याच्या कंबरेने असहकार पुकारल्यावर त्याने क्लबाच्या मोटारबोटीची किल्ली तिच्या हातात ठेवली. पोहणाऱ्यांच्या मागे बोट घेऊन राहायचं, कुणी दमला तर उचलायचं, हे आजवर त्याचं काम होतं. आता तो पोहणार आणि ती राखण करणार. पाण्यावर बोटवाल्याचा शब्द शेवटचा, असा क्लबाचा नियम होता. किल्ली देताना त्याने तो मोठ्याने म्हणून दाखवला. नियम मोठ्याने म्हणणारी माणसं तो आपल्याला लागू होईल असं धरून चालत नाहीत, हे धाकटीला तेव्हाच कळायला हवं होतं.

मोसमाच्या शेवटच्या रविवारी तळं आडवं पोहून जायचं, पलीकडच्या काठावर जेवायचं आणि पोहत परत यायचं, ही क्लबाची जुनी पद्धत. पलीकडे रस्ता नव्हता, नुसती झाडी. जेवण म्हणजे पाव, उकडलेली अंडी आणि थर्मासमधला चहा, आणि तेही बोटीतून यायचं. यंदा मात्र क्लबातले एक बँकवाले नुकतेच निवृत्त झाले होते. सकाळी त्यांनी बर्फाची एक मोठी पेटी आणली आणि थंड पेय आहे म्हणून बोटीत ठेवायला दिली. धाकटीने एका बाजूने हात लावला, आणि वर ‘जड आहे हो’ असंही म्हणाली. पलीकडे झाकण उघडलं तेव्हा कळलं, पेय थंड होतं हे खरं. बीअर होती आणि तिच्याखाली व्हिस्कीच्या दोन बाटल्या.

ऊन छान होतं. पोहून आल्यावर रिकाम्या पोटी घोट लवकर चढतो, आणि चढतोय हे मोजणारं डोकं त्याच घोटाने आधी मंदावतं. सगळ्यांचे आवाज हळूहळू वाढत गेले. जेवण बाजूला राहिलं. पाणघोडा एरवी घरी कधीतरी घेणारा माणूस, पण आज कौतुक करणारी मंडळी भोवती होती, आणि कौतुकाबरोबर तो किती पितो याचा त्याला कधीच पत्ता लागत नसे. धाकटी चहा पीत बसली होती आणि मनातल्या मनात प्रत्येकाचा ग्लास पाहत होती. तिला तो स्वभावच होता. लग्नात कुणी किती जिलब्या घेतल्या हेही ती सांगू शकली असती.

निघायची वेळ झाली तेव्हा ती उठली, सगळ्यांचे नारिंगी फुगे गोळा केले आणि बोटीच्या टोकाला बांधून टाकले. पोहणाऱ्याने तो फुगा कमरेला बांधायचा, म्हणजे लांबून दिसतो आणि दमल्यावर धरता येतो. फुग्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हाही नियमच. जे प्यायले ते बोटीतून येतील, एवढंच ती म्हणाली.

गलका झाला. दंतवैद्यांनी दोन पेगांना पिणं म्हणत नाहीत असं सांगितलं. ते क्लबातले त्यातल्या त्यात शिकलेले, म्हणून त्यांचं सगळ्यांना पटलं. कुणीतरी म्हणालं, पोटात गरम आहे, आता पाणी गार लागणार नाही. धाकटीने उत्तर दिलं की लागणार नाही तेच वाईट. दारूने रक्त कातडीकडे येतं म्हणून गरम वाटतं, आणि आतली ऊब तिथून पाण्यात निघून जाते. हात कधी जड झाले ते मधोमध पोचल्यावर कळतं. बँकवाले हिरमुसले, पण बोटीत जाऊन बसले. निवृत्त माणसाला सांगितलेल्या जागी बसायची सवय असते.

पाणघोडा मात्र काठावर उभा राहिला.

“मी तुला पोहायला शिकवलं,” तो म्हणाला.

“म्हणूनच म्हणतेय. दादा, तूच सांगायचास ना, दारू प्यायलेल्याला पाण्यात सोडायचं नाही?”

“ते लोकांसाठी.”

“मग आज तू लोकांत आहेस.”

बोटीतून हशा पिकला. पाणघोड्याचा चेहरा पडला. माणसांसमोर धाकटीने टोला मारावा हे त्या घरात फारसं घडलं नव्हतं. तो आला आणि मागच्या बाजूला बसला. तिने लाइफ जॅकेट पुढे केलं. त्याने ते कोटासारखं खांद्यावर चढवलं आणि पट्टे तसेच लोंबू दिले.

इथे धाकटी चुकली. त्या घरात लहानपणापासून एक अलिखित हिशोब होता. एक वाद तू जिंकलास, आता पुढचा मी. वडिलांची खुर्ची त्याला मिळाली तर खिडकी तिला. मोठा वाद तिने आत्ताच चारचौघांत जिंकला होता, म्हणून पट्ट्यांचा लहान वाद तिने सोडून दिला. शिवाय तिला वाटलं, पोहणं टळलं म्हणजे धोका टळला. चालवणारी आपण शुद्धीवर आहोत, बाकीचे मोटारीतल्या मागच्या सीटवर झोपलेल्या माणसांसारखे पोचतील घरी. पण मोटारीतून माणूस सहजासहजी खाली पडत नाही. बोटीला दार नसतं.

तळ्याच्या मध्यावर पाणघोडा उठला. बीअरने मूत्राशय भरतं आणि बोटीत दुसरी सोय नसते. पाठ करून तो मागच्या कडेला उभा राहिला. दंतवैद्यांनी सौजन्याने सरकून जागा केली, बोट तेवढीच एका अंगाला कलली. शुद्धीतला माणूस अशा वेळी गुडघा वाकवतो. याचा गुडघा फार उशिरा वाकला.

पाणी उडालं आणि बोटीत टाळ्या वाजल्या. पाणघोडा अखेर आपल्या पाण्यात गेला. कुणीतरी म्हणालं, बघा, शेवटी पोहतच येणार पठ्ठ्या.

धाकटीने आधी इंजिन बंद केलं, कारण पंखा त्याच बाजूला होता. मग वळून पाहिलं. जॅकेट एकटंच तरंगत होतं. त्याच्या शेजारी, बोटीपासून चार-पाच हातांवर, भाऊ पाण्यात सरळ उभा होता, जिना चढत असल्यासारखा. डोकं मागे पडलेलं, तोंड पाण्याच्या रेषेवर, दोन्ही हात बाजूंना पाणी दाबत होते. तो ओरडत नव्हता, हात हलवत नव्हता. ओरडायला श्वास लागतो, आणि गार पाण्यात पडताक्षणी घेतलेला पहिला श्वास त्याने पाण्यासकट घेतला होता. आयुष्यभर जे तो इतरांना शिकवत आला होता, बुडणारा माणूस शांत असतो म्हणून, ते आता तो स्वतः करून दाखवत होता आणि बोटीतले त्याचे शिष्य हसत होते.

“तो बुडतोय,” ती म्हणाली.

हसू थांबलं. दंतवैद्य उठले, शर्ट काढू लागले.

“खाली बसा. मला एकालाच काढता येईल.” आवाज तिचा नव्हता, थोरल्याचा होता. दंतवैद्य बसले. “बँकवाले, तुम्ही त्याच्याकडे बोट दाखवत राहा. खाली गेला तरी त्या जागेवरून बोट हलवायचं नाही.”

बँकवाल्यांनी हात लांब केला. तिने फुगा फेकला. तो त्याच्या खांद्याला लागून परत तरंगला, कारण बुडणाऱ्याचे हात त्याच्या ताब्यात नसतात, आणि हे हात तर दारूनेही अडवलेले. तोंड पाण्याखाली गेलं, मग कपाळ, मग पोहण्याची लाल टोपी.

तिने वल्ह्याने दोन हात मारले आणि बँकवाल्यांचं बोट दाखवत होतं तिथे कडेवर पालथी पडली. हात खांद्यापर्यंत आत घातला. टोपी हाताला लागली. तिने ती मुठीत धरली आणि ओढली, तर टोपीच आली. टोपीखाली टक्कल. टकलाची त्या घरात इतकी वर्षं थट्टा झाली होती. धरायला तिथे काहीही नाही हे तिला आज कळलं. मग तिने बोट काठाला ओढायची लांब आकडी घेतली आणि आत फिरवली. आकडी टी-शर्टच्या गळ्यात अडकली.

इतरांना तिने पलीकडच्या कडेला बसवलं, नाहीतर बोटच उलटली असती. मागच्या बाजूने ती आणि दंतवैद्य मिळून त्याला आत ओढू लागले. पहिल्यांदा तो परत घसरला. दुसऱ्यांदा आला. ओठ निळे होते. तिने त्याला कुशीवर केलं, आणि त्याने तळं, व्हिस्की, बीअर असं सगळं उलट्या क्रमाने बाहेर काढलं. मग खोकला. तो खोकत असतानाच तिने इंजिन सुरू केलं.

हॉस्पिटलात त्याला ऑक्सिजन लावला आणि रात्रभर ठेवून घेतलं. फुप्फुसात गेलेलं पाणी तासांनंतरही त्रास देतं, बरा दिसणारा माणूस घरी पाठवायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. किती घेतली होती, असं त्यांनी विचारलं. दंतवैद्य म्हणाले, दोन पेग. धाकटीने खरा आकडा सांगितला. बाईंनी मान वर न करता दुसरा लिहिला.

सगळे गेल्यावर ती खाटेजवळ बसली. त्याने बऱ्याच वेळाने मास्क बाजूला केला.

“मी थांबलो नव्हतो गं,” तो म्हणाला. “खाली गेल्यावर पोहत होतो. जोरात. वर जायला.”

“हो.”

“मग पाणी गार लागायला लागलं. जितकं वर जातोय तितकं गार.” तो खोकला. “वरचं पाणी उन्हाचं असतं, त्यातल्या त्यात कोमट. म्हणजे मी खाली जात होतो. तेवढं कळलं. वळायचं कसं ते नाही कळलं.”

तिने मास्क त्याच्या तोंडावर परत लावला. तिला खूप काही बोलायचं होतं, त्यातलं अर्धं त्याला आणि अर्धं स्वतःला. तिने फक्त मास्कची नाडी कानामागे नीट केली.

पुढच्या मोसमाआधीच्या बैठकीत धाकटीने जेवण अलीकडच्या काठावर आणलं. आधी पोहून जायचं, पोहून यायचं, बोट साखळीने बांधायची, किल्ली तिच्या खिशात, आणि मग रस्त्याच्या पलीकडच्या अंगणात कुणाला काय हवं ते. बँकवाल्यांनी अनुमोदन दिलं. दंतवैद्यांनी हे आपण आधीच सुचवणार होतो असं सांगितलं.

त्या मोसमाच्या शेवटच्या रविवारी पाणघोडा पोहला नाही. छाती अजून लवकर भरून यायची, म्हणून तो बोटीत तिच्याबरोबर राखणीला आला. हातात कापडी पिशवी होती. धाकटीने पिशवीकडे पाहिलं. तिच्यात काचेचा आवाज झाला होता.

“एकच आहे,” तो म्हणाला. “पलीकडे पोचल्यावर, सावलीत. जेवणाची जागा बदललीस, मी हू की चू केलं नाही. आता एक माझं ऐक.”

जुना हिशोब होता. त्याच्या बाजूने बरोबरच होता.

“नाही,” धाकटी म्हणाली.

तो पिशवी काठावर ठेवून आला, मागच्या बाजूला बसला आणि लाइफ जॅकेट चढवलं. तिने इंजिन सुरू केलं नाही. वरचा पट्टा बसल्याचा आवाज झाला. ती थांबली. मग खालचा.